कर शून्य, तरीही १५जी देता आला नाही

मार्च २०२५ मध्ये मी इंदूरमधली माझी नोकरी सोडली. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि इतक्या वर्षांची बचत मिळून ६५ लाख हातात आले. ते दोन बँकांत मुदत ठेवीत टाकले, एकीत ३९ लाख आणि दुसरीत २६ लाख, दोन्हीकडे ७ टक्के दराने. व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होणार आणि त्यावरच माझं घर चालणार. पेन्शन नाही, दुसरी कमाई नाही. त्यामुळे व्याजातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँक कापते तो कर, गेला तर ते मला लगेच जाणवणार होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आधी आईचं काम केलं. आई ८२ वर्षांची आहे, रामबागेत माझ्याबरोबरच राहते. तिला बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन महिना २२ हजार मिळतं आणि तिच्या नावावर २८ लाखांच्या ठेवी आहेत साडेसात टक्क्यांच्या, म्हणजे वर्षाला २ लाख १० हजार व्याज. ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेतून वर्षाला १ लाखापेक्षा जास्त व्याज मिळणार असेल तर बँक टीडीएस कापते. बाकीच्यांसाठी ही मर्यादा ५० हजारांची आहे. दोन्ही आकडे १ एप्रिल २०२५ पासूनचे. आईचं व्याज १ लाखाच्या वर, म्हणून तिच्यासाठी १५एच, म्हणजे 'माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका' असं बँकेला सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म, द्यायचा होता.

जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून आम्ही हिशोब मांडला. निवृत्तिवेतन वर्षाचं २ लाख ६४ हजार, त्यातून नव्या करप्रणालीत मिळणारी २५ हजारांची वजावट गेली की २ लाख ३९ हजार. त्यात व्याज मिळवलं की ४ लाख ४९ हजार. आई म्हणाली, "अगं, ४ लाखांच्या वर गेलं की. मग कर लागणार ना?" लागतो, पण ४ लाखांच्या वरच्या ४९ हजारांवर ५ टक्के म्हणजे २,४५० रुपये, आणि कलम ८७एच्या सवलतीने तोही शून्य होतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर ही सवलत आहे. १५एचमध्ये एकच अट बघायची असते: वर्षाच्या अंदाजे एकूण उत्पन्नावरचा कर शून्य होतो का? सवलत धरून होत असेल तरी चालतं. आईने दोन्ही ठिकाणी सही केली. हात थरथरतो, म्हणून पासबुकावरची जुनी सही समोर ठेवून तिने सावकाश एकेक अक्षर काढलं. दुसऱ्या दिवशी बँकेत फॉर्म दिला आणि प्रतीवर शिक्का व तारीख घेऊन आले.

मग माझी पाळी. ६५ लाखांवर ७ टक्के म्हणजे ४ लाख ५५ हजार. आईच्या उत्पन्नापेक्षा फक्त ६ हजारांनी जास्त. कर २,७५० रुपये, सवलतीनंतर शून्य. मी साठीच्या आतली, म्हणून माझा फॉर्म १५जी, बाकी सगळं तेच, असंच मी धरून चालले होते. पहिल्या बँकेत खिडकीवरच्या मुलाने फॉर्मवर नजरही टाकली नाही. "हो जाएगा मैडम," म्हणाला आणि शिक्का मारला.

दुसऱ्या बँकेत फॉर्म घेणारी एक तरुण अधिकारी होती, मराठीच. तिने फॉर्म वाचला. वाचता वाचता एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, हा रिकामा ठेवलाय तुम्ही. यंदा दुसऱ्या कुठल्या बँकेत १५जी दिलाय का?"

मी म्हटलं, दिलाय, कालच.

"किती व्याजासाठी?"

"२ लाख ७३ हजार."

तिने माझ्याच फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने बेरीज केली. इथलं १ लाख ८२ हजार, तिथलं २ लाख ७३ हजार. ४ लाख ५५ हजार. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मग हा मला घेता येणार नाही. १५जी देणाऱ्याचं व्याज सगळं मिळून ४ लाखांच्या आत असावं लागतं."

मी तिला सांगितलं की माझा कर शून्य आहे, वाटलं तर हिशोब दाखवते. ती म्हणाली, "कर शून्य आहे हे बरोबर. पण १५जीला दोन अटी आहेत. तुमची पहिली पुरी होते, दुसरी होत नाही."

घरी आल्यावर फॉर्ममागचा छापील मजकूर मी पहिल्यांदा नीट वाचला. ती बरोबर होती. आयकर कायदा, १९६१ मधलं कलम १९७ए याचं मूळ. साठ वर्षांखालच्या माणसाने १५जी द्यायचा तर एकूण उत्पन्नावरचा कर शून्य हवाच, शिवाय ज्या प्रकारच्या उत्पन्नासाठी हा फॉर्म चालतो त्याची वर्षाची बेरीज करमुक्त मर्यादेच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा नव्या करप्रणालीत ४ लाख, आणि जुनी निवडली तर अडीच लाखच. इथे ८७एची सवलत मोजत नाहीत. सवलत लागलेला कर पुसते, करमुक्त मर्यादा वाढवत नाही. ज्येष्ठांच्या १५एचला ही दुसरी अट लावलेली नाही. म्हणून जवळजवळ तेवढंच उत्पन्न असलेली आई फॉर्म देऊ शकली आणि मी नाही. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. ज्याचा कर शून्यच आहे त्याचे पैसे वर्षभर अडकवून काय मिळतं? पण नियम आहे तो असा आहे.

मनात एक विचार येऊन गेला: एका बँकेत दिलाय, तो राहू दे. तिथलं व्याज २ लाख ७३ हजारच आहे, ४ लाखांच्या आत. दुसरीकडे कापू देत. रात्री ओळखीच्या कर सल्लागारांना फोन केला. ते स्पष्ट म्हणाले, "नाही चालत. अट वर्षाच्या सगळ्या व्याजाला आहे, ज्या बँकेत फॉर्म दिला तेवढ्याच व्याजाला नाही. बेरीज ४ लाखांवर गेली की कुठल्याच बँकेत १५जी देता येत नाही. आणि फॉर्मवर तुमची सही आहे. खोट्या निवेदनाबद्दल कलम २७७ खाली खटला होऊ शकतो." बँकेला दुसऱ्या बँकेतलं काही दिसत नाही, म्हणून पहिल्या खिडकीवर फॉर्म सहज घेतला गेला. त्याची जबाबदारी मात्र माझी होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बँकेत साध्या कागदावर अर्ज दिला की माझा १५जी रद्द समजावा. त्या अर्जाचीही शिक्क्याची प्रत घेतली. जूनअखेर पहिल्या बँकेतून ६८,२५० ऐवजी ६१,४२५ जमा झाले. ६,८२५ रुपये टीडीएस. दुसरीकडे ४५,५०० वर ४,५५० कापले. वर्षाचे मिळून ४५,५०० रुपये, म्हणजे दुसऱ्या बँकेचं एका तिमाहीचं पूर्ण व्याज.

एक रस्ता होता. सल्लागारांनी तो सांगितला, आणि मी तो वापरला नाही याची मला खंत आहे. कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून आयकर अधिकाऱ्याकडे 'कर कापू नये' असं प्रमाणपत्र मागता येतं. अर्ज आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून ऑनलाइन जातो. प्रमाणपत्र मिळालं की त्यात नाव असलेली बँक कापत नाही. पण ते मिळाल्यानंतरच्या व्याजालाच लागू होतं, आधी कापलेलं त्यातून परत येत नाही. मी जुलैपर्यंत विचारच करत राहिले. मग वाटलं, दोन बँकांची कागदपत्रं, वाट बघणं, आणि तोवर वर्ष संपत येईल. एप्रिलमध्येच अर्ज केला असता तर बहुतेक रक्कम वाचली असती.

आईच्या बाबतीतही एक चूक झालीच. तिची १० लाखांची ठेव सप्टेंबरअखेर पिकली आणि आपोआप नूतनीकरण होऊन नवा ठेव क्रमांक आला. तिच्या बँकेत १५एच ठेवीच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. डिसेंबरच्या तिमाहीत त्या ठेवीच्या १८,७५० व्याजातून १,८७५ कापले गेले. पासबुकात बाकीच्या दोन ठेवींचं व्याज पूर्ण आणि याच एकीचं कमी, हे आईनेच चष्मा सारून पकडलं. बँकेत गेले तर सांगितलं की रक्कम सरकारजमा झाली, आता विवरणपत्रातूनच मागा. नव्या क्रमांकासाठी त्याच दिवशी पुन्हा १५एच दिला, मार्चचं व्याज पूर्ण आलं. तेव्हापासून ठेव नवी असो वा नूतनीकरणाची, पावतीबरोबर फॉर्मही मागून घेते.

परताव्यासाठी घाई केली नाही. जानेवारी ते मार्चच्या कापणीची माहिती बँका मेअखेरपर्यंत आयकर खात्याला देतात आणि १६ए हे टीडीएसचं प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत देतात. त्याआधी विवरणपत्र भरलं तर शेवटच्या तिमाहीचा कर खात्यावर दिसत नाही. जूनच्या मध्यावर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक, उघडलं. दोन्ही बँकांच्या नावापुढे चार-चार नोंदी होत्या, बेरीज ४५,५००. १६एशी ताळा जुळला. मग विवरणपत्र भरून आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. आईचंही त्याच संध्याकाळी भरलं. १५एच दिला म्हणून विवरणपत्रातून सुटका होत नाही. तिचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहे, कर शून्य असला तरी.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा वर दिलेले क्रमांक २०२५-२६ या वर्षाचे समजावेत, आणि फॉर्म बँकेकडून चालू वर्षाचाच मागून घ्यावा.

ज्येष्ठांच्या फॉर्मसाठी वर्षभरात कधीही साठ पूर्ण होत असतील तरी पुरतं. माझा जन्म फेब्रुवारी १९६९ चा. म्हणजे नियम असाच राहिला तर एप्रिल २०२८ मध्ये, वाढदिवसाच्या दहा महिने आधी, मी त्याच टेबलावर आईशेजारी बसून तिच्यासारखाच फॉर्म भरेन.