√2 ची सिद्धता: विसंगती नेमकी कशाशी?

आज √2 अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येत नाही, याची सिद्धता सावकाश, एकेका ओळीवर थांबत मांडायची आहे. ओळी मोजक्याच आहेत, पण सगळा भार त्यातल्या दोनच ओळींवर आहे. घाईत म्हणून टाकताना नेमक्या त्याच निसटतात.

प्रश्न असा: जिचा वर्ग 2 येतो ती संख्या p/q अशी, अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येईल का? कॅल्क्युलेटर 1.41421356 दाखवतो. पण ही संख्या म्हणजे 141421356/100000000, म्हणजे अपूर्णांकच. तिचा वर्ग केला तर 1.9999999932878736 येतो, 2 नाही. 577/408 घेऊन पाहू. 577² = 332929 आणि 2 × 408² = 332928, म्हणजे अवघ्या एकाने हुकलं. (बौधायन शुल्बसूत्रात √2 ची जी किंमत दिली आहे, ती एकत्र केली की हाच अपूर्णांक येतो.) याहून जवळचे अपूर्णांकही हवे तितके काढता येतात. त्यामुळे एकेक तपासून ‘यातला एकही चालत नाही’ असं कधीच म्हणता येणार नाही. तपासायचे अपूर्णांक संपणारच नाहीत. इथे उलट्या बाजूने जावं लागतं. असा अपूर्णांक आहे असं धरायचं आणि त्या गृहीतातून काय काय निघतं ते पाहायचं.

गृहीत नेमकं लिहायला हवं. √2 = p/q, p आणि q धन पूर्णांक, आणि p व q यांना 1 सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही. हा शेवटचा तुकडा अनेकदा शोभेला जोडल्यासारखा लिहिला जातो, पण भार असलेली पहिली ओळ हीच. ती धरायचा अधिकार आपल्याला आहे का? आहे, कारण कोणताही अपूर्णांक संक्षिप्त करता येतो. दर वेळी सामाईक विभाजकाने भागलं की अंश लहान होतो, आणि धन पूर्णांक लहान होत होत कायम चालू शकत नाही. कुठेतरी थांबावंच लागतं. जिथे थांबतो तो अपूर्णांक आपण घेतला. म्हणजे इथे काही जास्तीचं गृहीत धरलेलं नाही.

आता आकडेमोड. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, छेद पलीकडे नेला:

p² = 2q²

उजवी बाजू सम आहे, म्हणून p² सम. म्हणून p सम.

इथे थांबायचं. ‘p² सम म्हणून p सम’ ही भार असलेली दुसरी ओळ, आणि तिला स्वतःचं कारण लागतं. p विषम असता तर p = 2k + 1 असता आणि

p² = 4k² + 4k + 1 = 2(2k² + 2k) + 1

म्हणजे p² सुद्धा विषम आला असता. पण p² सम आहे, तेव्हा p विषम असू शकत नाही.

p सम आहे तर p = 2k लिहू. मग 4k² = 2q², म्हणजे q² = 2k². समीकरण पुन्हा त्याच साच्याचं झालं, फक्त p च्या जागी q आला. त्याच कारणाने q ही सम. आता p आणि q दोघांनाही 2 ने भाग जातो, आणि सामाईक विभाजक नाही असं तर आपण सुरुवातीलाच लिहिलं होतं. एकाच p आणि q बद्दल दोन्ही विधानं खरी असू शकत नाहीत. मधल्या सगळ्या पायऱ्या पक्क्या आहेत, म्हणून चूक गृहीतातच आहे: असा अपूर्णांक नाही.

विसंगती नेमकी कशाशी आली, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ‘p सम आहे’ यात काही वावगं नाही, ‘q सम आहे’ यातही नाही. 6/4 मध्ये दोन्ही सम आहेत आणि तो चांगला अपूर्णांक आहे. आडवं येतं ते फक्त संक्षिप्त रूप. ती अट लिहायची विसरली, तर शेवटी हातात उरतं ‘p आणि q दोन्ही सम’, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अट न लिहिताही पुढे जाण्याचा एक मार्ग आहे: q = 2m लिहून p/q मधून k/m, त्यातून आणखी निम्मे अंश-छेद, असं उतरत राहायचं आणि धन पूर्णांक अखंड निम्मे करता येत नाहीत हे दाखवायचं. कल्पना तीच, फक्त संक्षिप्त रूपाची अट हे उतरणं सुरुवातीलाच उरकून घेते.

चौरसाचा कर्ण बाजूच्या √2 पट असतो, आणि अरिस्टॉटलने या युक्तिवादाचा उल्लेख त्याच रूपात केला आहे: चौरसाचा कर्ण आणि बाजू एकाच मापाने मोजता आली, तर विषम संख्या सम संख्येएवढी होईल. मला ही मांडणी फार आवडते, कारण टक्कर कुठे होते ते ती एका वाक्यात सांगते.

या पद्धतीत एक धोका आहे, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. सरळ सिद्धतेत मध्ये कुठे चूक झाली तर शेवटचं उत्तर वेडंवाकडं येतं आणि शंका येते. विसंगतीच्या सिद्धतेत आपण विसंगतीचीच वाट पाहत असतो. मध्ये एखादी चूक झाली तरी विसंगती निघते, आणि ती यश मिळाल्यासारखी दिसते. म्हणून विसंगती हाती आली की ती गृहीतामुळे आली की आपल्या चुकीमुळे, हे तपासायलाच हवं.

तपासायची चांगली रीत म्हणजे तोच युक्तिवाद √4 वर चालवणं. √4 = 2 हे माहीत आहे, तेव्हा इथे सिद्धता अडलीच पाहिजे. p² = 4q² लिहू. आता कोणी ‘p² ला 4 ने भाग जातो म्हणून p ला 4 ने भाग जातो’ असं म्हटलं, तर पुढे p = 4k, मग 16k² = 4q², q² = 4k², q लाही 4 ने भाग, विसंगती, आणि √4 अपूर्णांक नाही! सगळं अगदी पहिल्यासारखं दिसतं. खोटी ओळ पहिलीच आहे: 2² = 4 ला 4 ने भाग जातो, 2 ला जात नाही. खरं तेवढंच म्हटलं, म्हणजे p सम, तर p = 2k, 4k² = 4q², k² = q², आणि सिद्धता तिथेच शांतपणे थांबते. विसंगती नाही; उलट k = q, p/q = 2 हे बरोबर उत्तर हाती येतं.

याच रीतीने √3 पाहिला की आपली दुसरी ओळ बदलते. ‘सम-विषम’ आता पुरत नाही. 3 ने भागल्यावर 1 उरतो आणि 2 उरतात, अशा दोन्ही शक्यता पाहाव्या लागतात. (3k + 1)² आणि (3k + 2)² या दोन्हींत बाकी 1 येते, म्हणून p² ला 3 ने भाग जात असेल तर p लाही जातो. √8 मध्ये मात्र 8 ने भागण्याचा हट्ट धरला तर √4 सारखीच गफलत होते, कारण 4² = 16 ला 8 ने भाग जातो, 4 ला जात नाही. तिथे √8 = 2√2 लिहावं: √8 अपूर्णांक असता तर त्याचा निम्मा √2 ही अपूर्णांक झाला असता, आणि ते शक्य नाही हे वर दाखवलंच आहे.