साहेबांना एक, शेजारच्या टेबलाला एक

"सुट्टी एकच, कारण एकच. मग साहेबांना एक मेसेज आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दुसरा, असलं दोन तोंडांचं काम कशाला करतेस? एकच लिहायचा आणि दोघांना सोडायचा की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे माझा नवरा, धाकटी जाऊ, आणि बेळगावच्या उद्यमबागमधल्या आमच्या फाउंड्रीत दरवर्षी नव्यानं लागणारी पोरं. दोन तोंडं हा शब्द मात्र मला लागतो. माझ्या दोन्ही मेसेजमध्ये तारखा त्याच असतात, कारण तेच असतं, कुठलं काम अर्धं राहिलंय तेही तेच असतं. ह्यात एका अक्षराचा फरक पडला तर मला खुशाल दोन तोंडांची म्हणा. बदलतं ते एवढंच, की कुणाकडं मी काय मागतेय.

साहेबांकडं मी परवानगी मागते. मैत्रिणीकडं मी तिचे दोन दिवस मागते. आता सांगा, जास्त काय मागितलं?

लोकांना वाटतं साहेबांचा मेसेज अवघड. अजिबात नाही. आमचे साहेब चिकोडीकडचे, घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि ऑफिसात दोन्ही भाषांत कडक. अशा माणसाला लिहिणं सगळ्यात सोपं, कारण त्यांना काय हवं ते ठरलेलं असतं. माझ्या जागी काम कोण करणार आणि गाडी थांबणार का, एवढं कळलं की ते पुढं वाचत नाहीत. अवघड असतो तो मैत्रिणीचा. मी नसले की साहेबांना एक फोन जास्त करावा लागतो. तिला माझं टेबलच सांभाळावं लागतं.

मी डिस्पॅच बघते. सासऱ्यांना दवाखान्यात ॲडमिट केलं तेव्हाचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, तोच दाखवते. मंगळवारी दुपारी लिहिलेला. बुधवारी पुण्याला कास्टिंगची गाडी जायची होती.

साहेबांना लिहिलं ते असं: "नमस्कार सर. सासऱ्यांना काल रात्री दवाखान्यात दाखल केलं आहे. उद्या बुधवार आणि परवा गुरुवार कॅज्युअल रजा मिळावी, ही विनंती. पुण्याच्या गाडीचं बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट तयार करून फाइलमध्ये ठेवलं आहे. ई-वे बिलात गाडीचा नंबर भरायचा राहिला आहे, तो अकौंट्सच्या मॅडम भरतील. त्यांच्याशी बोलले आहे. सकाळी दहानंतर फोन घेऊ शकेन."

कारण एका ओळीत संपलं, काम तीन ओळी चाललं. नवी पोरं नेमकं उलट करतात. ताप किती होता, उलट्या कधी झाल्या, डॉक्टर काय म्हणाले हे सगळं लिहितात आणि काम कुठं ठेवलंय ते विसरतात. कडक माणसाला लांबलचक कारण दिलं की त्याला संशय येतो. खरं कारण आखूड असतं असं त्याला वाटतं. ते बरोबर की चूक, हा वाद त्याच्याशी घालत बसायला आपल्याला तेव्हा वेळ नसतो.

आणि 'मिळावी' म्हटलं म्हणून मी लाचार झाले नाही. ते नको म्हणाले असते तरी मी जाणारच होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. घरात आजारपण असताना परवानगी नावालाच असते. तरी मागायची, कारण 'उद्या येणार नाही' एवढंच लिहिलं की निर्णय मी घेतला असं होतं, आणि हजेरीच्या रजिस्टरवर सही त्यांची असते.

आता तिला लिहिलेला: "अगं, मामांना काल रात्री ॲडमिट केलंय. उद्या-परवा मी नसतो. साहेबांना अजून विचारलं नाही, आधी तुला विचारतो. पुण्याची गाडी तेवढी बघशील काय? बिल, टीसी निळ्या फाइलमध्ये आहे. टीसीवरचा हीट नंबर मी कास्टिंगशी ताडून बघितलाय, तू परत बघू नकोस. गाडी गेटवर आली की पाटी डोळ्यांनी बघून नंबर भर. ड्रायव्हर फोनवर सांगतोय तो धरू नकोस, ऐनवेळी दुसरीच गाडी पाठवतात. उद्या तुला जमत नसेल तर आत्ताच सांग, राग नाही. होय म्हणालीस तरच साहेबांच्या मेसेजमध्ये तुझं नाव घालतो. बाकी इथं मजा आहे, डास, इडली आणि मी, पिकनिक चाललीय."

मेसेजांचा क्रम बघितलात काय? तिचा आधी, साहेबांचा नंतर. तिनं होय म्हटल्याशिवाय 'बोलले आहे' हे मी लिहूच शकत नाही. पण साहेबांच्या आधी खाली सगळ्यांना कळलं, तर कडक माणसाला ते खपत नाही. म्हणून तिच्या मेसेजमध्ये 'अजून विचारलं नाही' हे घालावंच लागतं, म्हणजे ती बोलत सुटत नाही. एकच मेसेज दोघांना सोडा म्हणणाऱ्यांनी हे कसं जमवायचं ते मला सांगावं.

गाडीच्या नंबरावर एवढं कशाला, तर ई-वे बिलात, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात, पाटीवरचा नंबर आणि भरलेला नंबर जुळला नाही की वाटेत तपासणीला गाडी अडते. त्यात गाडीचा नंबर भरल्यापासून मुदत चालू होते, 200 किलोमीटरमागे एक दिवस. बेळगावहून पुणे त्याच्या वर जातं, म्हणजे दोन दिवस. गाडी यायच्या आधीच घाईनं नंबर भरून ठेवला तर मुदत आपल्याच गेटवर खर्च होत राहते. हे साहेबांना लिहायची गरज नाही, त्यांना माहीत आहे. तिला लिहायची आहे, कारण ती अकौंट्सची. म्हणजे मैत्रिणीचा मेसेज मोकळा असतो, पण आखूड नसतो.

आणि ती पिकनिक.

बुधवारी गाडी आली, दुसरीच. तिनं पाटी बघून नंबर भरला, सगळं नीट झालं. साहेब खाली आले आणि नंबर कसा बदलला म्हणून विचारलं. तिनं सरळ माझा मेसेज उघडून फोन त्यांच्या हातात दिला, 'बघा, तिनं आधीच सांगितलं होतं' म्हणून. माझ्या भल्यासाठीच दिला, हे मला मान्य आहे. साहेबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

शुक्रवारी मी हजर झाले. सासरे तेव्हा आयसीयूत होते, रात्रभर मी बाहेरच्या बाकावर होते, तिथूनच घरी जाऊन अंघोळ करून आलेली. सकाळच्या मीटिंगला मोल्डिंगचे, फेटलिंगचे, मशिनशॉपचे सगळे उभे होते. साहेब म्हणाले, "काय मॅडम, पिकनिक कशी झाली?"

दोघे-तिघे हसले. त्यांना काय ठाऊक. मी म्हटलं, "बरी झाली सर." एवढंच. नंतर कॅज्युअलच्या फॉर्मबरोबर दवाखान्याचा कागद जोडा असा निरोप आला. आमच्याकडं कॅज्युअलला कागद कधी कुणी मागितला नव्हता. मी जोडला. तो वाचल्यावर साहेब माझ्याशी चार दिवस फार मऊ बोलले, आणि ते मला पिकनिकपेक्षा जास्त झोंबलं.

मला सगळे म्हणाले, असलं लिहायचंच नाही. का नाही? माणूस आयसीयूच्या दारात बसलेलं असताना मैत्रिणीला 'मी फार घाबरलोय' असं लिहीत नाही आमच्यात. पिकनिक लिहितं. तिनं ते वाचलं आणि संध्याकाळी डबा घेऊन आली, म्हणजे तिला बरोबर कळलं होतं. ओळ तिच्यासाठी होती आणि तिच्यापर्यंत नीट पोचली. वाचायला नको होती त्यानं ती वाचली, हा दोष ओळीचा कसा?

पण तेव्हाची मी एवढी शहाणी नव्हते, किंवा आता आहे तेवढी हट्टी नव्हते म्हणा. मी तिच्यावर चिडले, आणि नंतर बरेच महिने तिलाही साहेबांसारखंच लिहायला लागले. 'उद्या रजेवर आहे. कृपया अमुक बघावे.' एकदा तिनं उलट पाठवलं, "मी काय एचआर आहे काय?" आणि तिनं काम केलं, पण सांगितलं तेवढंच केलं. आधी ती सांगितलेलं सोडून आणखी चार गोष्टी बघायची. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करायची, पॅकिंगवाल्यांना हाकायची. कोरडं लिहिल्यावर तेवढं थांबलं. तुमचा 'एकच मेसेज दोघांना' मी करून बघितलाय, तो असा.

उलटीकडूनही बघितलाय. आमच्याकडच्या एका पोरानं मित्राला लिहिलेलाच मेसेज साहेबांना फॉरवर्ड केला, 'उद्या नाही यायलो, गावची यात्रा हाय'. वर 'फॉरवर्डेड' असं बारीक अक्षरात आलंच. साहेबांनी उत्तर दिलं नाही. पोरगं ते होय समजून गेलं आणि त्याचा पगार कापला गेला. आमच्या भागातल्या गावांत लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी येते, घर पै-पाहुण्यांनी भरतं, त्या दिवशी कामावर कोण जाणार हे साहेबांनाही कळतं. पण त्या आठवड्यात अर्धी मोल्डिंग शॉप तेच मागत असते. यात्रेची तारीख आधी ठरलेली असते, म्हणून तिथं आजारपणाची सवलत मिळत नाही. पगारी रजेचा अर्ज 15 दिवस आधी लेखी द्यायचा, हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच लिहून ठेवलेलं होतं. यात्रेला मेसेज पुरत नाही, अर्ज लागतो, आणि मेसेज फक्त त्याची आठवण करायला. (1 नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टीच असते, त्यामुळे त्या दिवसाचं कारण आम्हाला कुणालाच लिहावं लागत नाही, हे बरंच आहे.)

सध्या मी तिच्या मेसेजमध्ये कामाचं सगळं लिहिते आणि पिकनिक फोनवर सांगते. नवरा म्हणतो, बघ, शेवटी शिकलीस. मला तसं वाटत नाही. फोनवर सांगताना ती लगेच 'काय झालं, रडतीस काय' असं विचारते, आणि तेच तर मला नको असतं. लिहिताना ते टळत होतं. मागच्या महिन्यात परत एकदा मेसेजमध्येच लिहिलं, खाली टाकलं, 'फोन कुणाला देऊ नकोस'. तिनं अंगठा पाठवला. साहेबांनीही त्याच दिवशी अंगठाच पाठवला होता.