नियमांचं पुस्तक आणि पेन्सिलीच्या खुणा

"सर, अंपायरिंगच्या लेखी परीक्षेला बसतोय. एमसीसीचं नियमांचं पुस्तक आणलंय. बेचाळीसच्या बेचाळीस नियम सारखेच पाठ करायचे का? जास्त प्रश्न कशावर येतात आणि टिपणं कशी काढायची?"

पहिल्या वाचनात काहीही पाठ करू नका. एका कोऱ्या कागदावर १ ते ४२ आकडे उभे लिहा आणि पुस्तक सलग वाचत जा. वाचताना एखादा नियम दुसऱ्या नियमाकडे बोट दाखवतो, 'अमुक नियम पाहा' म्हणतो, तेव्हा त्या दुसऱ्या आकड्यासमोर पेन्सिलीने एक रेघ मारा. एवढंच करायचं. पुस्तक संपेपर्यंत काही आकड्यांसमोर रेघांची गर्दी झालेली दिसेल: डेड बॉलचा २०, धावांचा १८, नो-बॉलचा २१, रनआऊटचा ३८, अनफेअर प्लेचा ४१. पेपर मुख्यतः तिथूनच निघतो. कारण पेपर काढणारा 'नियम २० लिहा' असं क्वचितच विचारतो. तो मैदानावरचा एक प्रसंग देतो आणि निर्णय विचारतो. दोन-तीन नियम जिथे एकमेकांना भेटतात, तिथेच असे प्रसंग घडतात.

चेंडू, बॅट, खेळपट्टी, क्रीज, यष्टी यांचे नियम (४ ते ८) मात्र वेगळे हाताळा. तिथे समजून घ्यायचं थोडं आणि लक्षात ठेवायचं जास्त. खेळपट्टीची एक मोठी आकृती काढा आणि सगळी मापं तिच्यावरच लिहा: यष्टींमधलं अंतर २२ यार्ड, रुंदी १० फूट, पॉपिंग क्रीज ४ फूट पुढे, यष्टींची उंची २८ इंच. ती आकृती न बघता काढता येईपर्यंत काढत राहा. हे प्रश्न थेट येतात आणि गुण पक्के असतात, पण त्यांच्यासाठी एका संध्याकाळीहून जास्त वेळ देऊ नका.

आता नियम एकमेकांना भेटतात म्हणजे काय, ते एका खऱ्या प्रसंगावर बघू. २ जुलै २०२३, लॉर्ड्स, ॲशेस कसोटी. कॅमेरून ग्रीनच्या बाउन्सरखाली जॉनी बेअरस्टो वाकला. चेंडू यष्टिरक्षक अ‍ॅलेक्स कॅरीच्या हातात गेला. बेअरस्टो क्रीज सोडून चालू लागला आणि कॅरीने फेकलेला चेंडू यष्टींवर आदळला. निर्णय काय?

उत्तराची सुरुवात नियम २० पासून करायची, कारण चेंडू डेड असेल तर पुढचं काहीच उरत नाही. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला म्हणजे डेड झाला, असं बरेच जण लिहितात. त्या वेळच्या नियमात तेवढं पुरेसं नव्हतं. क्षेत्ररक्षण करणारा संघ आणि दोन्ही फलंदाज या सगळ्यांनीच चेंडू खेळात असल्याचं मानणं सोडलंय, हे गोलंदाजाच्या टोकाच्या अंपायरला स्पष्ट दिसावं लागतं. कॅरीने चेंडू हातात येताच फेकला होता, म्हणजे एका बाजूने सोडलेलं नव्हतं. चेंडू जिवंत. मग नियम ३०: फलंदाज क्रीजबाहेर. मग नियम ३१: अपील झालं. आणि शेवटी बाद कसा? फलंदाज धाव घेत नव्हता, आणि दुसऱ्या कुणा क्षेत्ररक्षकाचा हात न लागता एकट्या यष्टिरक्षकाने यष्टी उडवल्या. म्हणून नियम ३९, यष्टिचीत. विकेट गोलंदाजाच्या खात्यात.

परीक्षक इथे थांबत नाही. तो एक शब्द बदलतो: हाच चेंडू नो-बॉल असता तर? नो-बॉलवर यष्टिचीत नाही, पण रनआऊट होतो, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून घाईघाईने 'रनआऊट' लिहिलं जातं. बरोबर उत्तर नाबाद आहे. नियम ३८ मध्ये अपवादच दिलाय: नो-बॉल असेल, स्ट्रायकर धाव घेत नसेल आणि यष्टिरक्षकाने एकट्याने यष्टी उडवल्या, तर रनआऊट देता येत नाही. तोच चेंडू यष्टिरक्षकाने आधी स्लिपकडे दिला आणि स्लिपने यष्टी उडवल्या, तर रनआऊट. नियमाचा मुख्य भाग सगळेच वाचतात. गुण जातात ते त्याखालच्या अपवादांत.

म्हणून टिपणं नियमवार काढू नका, प्रसंगवार काढा. एका पानावर एक प्रसंग. वर दोन ओळींत काय घडलं ते, खाली ज्या क्रमाने विचार करायचा त्या क्रमाने नियमांचे फक्त आकडे आणि निर्णय. उरलेल्या पानावर 'नो-बॉल असता तर', 'वाइड असता तर', 'दुसऱ्या क्षेत्ररक्षकाचा हात लागला तर' अशा ओळी आणि त्यांचे निर्णय. पुस्तकातला मजकूर उतरवायचा नाही. अपवाद फक्त वेळ सांगणाऱ्या शब्दांचा, ते जसेच्या तसे लिहा. ओव्हरथ्रोवर चौकार गेला, तर चालू असलेली धाव मोजायची का, हे २०१७च्या संहितेत फलंदाजांनी 'फेक होण्याच्या क्षणी' एकमेकांना ओलांडलं होतं का, यावर ठरत होतं. २०१९च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गप्टिलची फेक स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेली, तेव्हा सहा धावा दिल्या गेल्या. फेकीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, म्हणून त्या पाच हव्या होत्या, असं माजी अंपायर सायमन टॉफेल यांनी नंतर सांगितलं. स्वतःच्या शब्दांत टिपण काढताना 'फेकीच्या वेळी' ऐवजी 'चेंडू सीमेपार जाताना' असं लिहून बसलात, तर उत्तर कायमचं चुकलं.

याशिवाय एक तक्ता हवाच. डावीकडे बाद होण्याचे नऊ प्रकार, नियम ३२ ते ४०. वर चार प्रश्न: नो-बॉलवर होतो का, वाइडवर होतो का, विकेट गोलंदाजाला मिळते का, अपीलला उत्तर कोणत्या टोकाचा अंपायर देतो. भरून झाला की दिसेल, नो-बॉलच्या रकान्यात 'हो' फक्त तीनच ठिकाणी येतं: चेंडू दोनदा मारणं, क्षेत्ररक्षणात अडथळा आणि रनआऊट. हा तक्ता दुसऱ्याचा उतरवून घेऊ नका. भरताना पुस्तक जितक्या वेळा उघडावं लागतं, तोच खरा अभ्यास.

टीव्हीवर बघितलेलं क्रिकेट आणि हे पुस्तक वेगळं ठेवा, लाल शाईने. फ्री हिट या पुस्तकात नाही. बाउन्सर डोक्यावरून गेला, तर पुस्तकाप्रमाणे नो-बॉल. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात तुम्ही तो वाइड दिलेला पाहिलाय. २०२३च्या विश्वचषकात दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज टाइम्ड आऊट झाला, तिथे मुदत दोन मिनिटांची होती. नियम ४० मध्ये ती तीन मिनिटांची आहे. स्पर्धेच्या अटी वेगळ्या आणि नियम वेगळे. प्रश्नात स्पर्धेचं नाव नसेल, तर उत्तर नियमातून द्या.

आणि आपल्या परीक्षेला कोणती आवृत्ती लागू आहे, हे अर्ज भरतानाच विचारून घ्या. सीनियरची वही मिळाली, तर आधी एकच गोष्ट तपासा: झेलबाद झाल्यावर नवा फलंदाज कुठे येतो? 'ओलांडलं असेल तर नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला' असं लिहिलेलं दिसलं, तर ती वही ऑक्टोबर २०२२ च्या आधीची आहे. तेव्हापासून षटक संपलं नसेल, तर नवा फलंदाजच स्ट्राइकवर येतो.