विशेष शाळा की सर्वांची शाळा: आम्ही कसं ठरवलं

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला बोलता येत नाही. डोळे जे टिपतात ते तिच्या मेंदूला नीट उलगडत नाही. या मेंदूमुळे आलेल्या दृष्टिदोषाला सीव्हीआय म्हणतात. शिवाय आकडी येते, पण ती सध्या औषधांनी आटोक्यात आहे. शाळेचं वय झालं तेव्हा भेटेल तो विचारायचा, "विशेष शाळेत घालणार की साध्या?" जणू विशेष शाळा म्हणजे एकच काहीतरी आहे आणि साधी शाळा म्हणजे दुसरं.

विशेष शाळा बघायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की ती बहुतेक वेळा कुठल्यातरी एका अडचणीसाठी विशेष असते. दृष्टिहीन मुलांच्या शाळेत ब्रेल होतं, पांढऱ्या काठीने चालायचं शिक्षण होतं. पण ब्रेल वाचायला बोटं उघडावी लागतात आणि माझ्या लेकीच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात. सेरेब्रल पाल्सीच्या शाळेत तिच्या शरीराची जाण उत्तम होती, पण दिसण्याचा विषय काढला की उत्तर यायचं, "डोळ्यांचा रिपोर्ट तर नॉर्मल आहे." तो असणारच, कारण सीव्हीआयमध्ये डोळा निरोगी असू शकतो. अडचण त्याच्या मागे, मेंदूत असते. शिवाय एकाच मुलाचं दिसणं सकाळी एक आणि दुपारी दुसरं असतं. दमणूक, गोंगाट, समोरची गर्दी यांनी ते घटतं. हे माहीत नसलेल्या माणसाला वाटतं, मुलीचं लक्ष नाही.

म्हणून शाळांची तुलना आम्ही थांबवली आणि आधी मुलीचं नीट मूल्यमापन करून घेतलं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि दृष्टीचं काम जाणणाऱ्या विशेष शिक्षिका या तिघींना एकाच वेळी, एकाच खोलीत बसवलं. बहुविकलांग मुलाच्या बाबतीत मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वेगवेगळे रिपोर्ट वेगवेगळ्या मुलांचे वाटतात, कारण एक अडचण दुसरीवर कशी चढते हे एकट्या तज्ज्ञाला दिसत नाही.

त्या खोलीत झालं ते असं. मुलगी नेहमीच्या खुर्चीत बसली होती, कमरेतून थोडी पुढे घसरलेली, पाय लोंबकळत. विशेष शिक्षिकेने लाल चेंडू समोर धरला. काहीच प्रतिसाद नाही. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टने तिला मागे सरकवून कंबर पाठीला टेकवली, पट्टा बांधला, पायांखाली फळी दिली आणि कोपर टेकतील इतक्या उंचीवर ट्रे लावला. मागे काळं कापड टांगलं, म्हणजे भिंतीवरची चित्रं दिसेनाशी झाली. तोच चेंडू, किंचित हलवलेला. सगळे गप्प. दहा-बारा सेकंदांनी तिची नजर चेंडूवर आली आणि तिथेच राहिली. मान आणि धड सावरण्यातच ताकद संपत असेल, तर बघायला काही उरत नाही. आणि बघणं गेलं की तिचं बोलणंही जातं, कारण ती नजरेनेच बोलते. समोर धरलेल्या दोन वस्तूंपैकी हवी तिच्याकडे बघते. "हो" साठी वर बघते, "नाही" साठी तोंड फिरवते.

त्यावरून आम्ही एक पानभर टिपण तयार केलं. बसणं कसं हवं, समोर किती वस्तू चालतात, उत्तराला किती वेळ द्यायचा, घास केवढा, जेवल्यावर किती वेळ सरळ बसवायचं, आणि आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध कोण आणि कसं देणार. हे पान घेऊन आम्ही शाळांमध्ये गेलो. प्रवेशाच्या खोलीत न बसता वर्गात बसायची परवानगी मागितली, आणि तीही दिवसाच्या मधल्या भागात. त्या वेळी मुलं दमलेली असतात, जेवण आणि स्वच्छतागृहाची घाई असते. शाळा खरी कशी चालते ते तेव्हा कळतं.

सेरेब्रल पाल्सीच्या विशेष शाळेत खुर्च्या मापाच्या होत्या, मुलाला उचलून ठेवायला यंत्र होतं, कपडे बदलायला प्रशस्त जागा होती. भरवणाऱ्या ताई घास गिळल्याची खात्री करून मगच पुढचा देत होत्या. हे बघून मला रडू आलं होतं, इतकी ती काळजी नेमकी होती. पण वर्गात बोलणारी मुलं जवळजवळ नव्हती. संवादाचा तास वेगळा होता. त्या तासात चित्रांचा तक्ता निघायचा आणि नंतर कपाटात जायचा. बाकीच्या वेळात मोठी माणसं प्रेमाने मुलांसाठी सगळं करत होती, विचारत मात्र क्वचितच होती. भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या होत्या. माझ्या मुलीला त्या भिंतीसमोर काहीच दिसलं नसतं.

सर्वसामान्य शाळा दोन बघितल्या. पहिली स्वतःला समावेशक म्हणवत होती. तिथे व्हीलचेअरवरचा एक मुलगा मागच्या कोपऱ्यात मदतनीस बाईंबरोबर रंगकाम करत होता आणि पुढे वर्ग गणित शिकत होता. तासभरात वर्गशिक्षिका त्याच्याकडे एकदाही वळल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं 24वं कलम शिक्षणाबद्दल आहे. त्यावरच्या 2016 च्या भाष्यात असा भेद स्पष्ट केला आहे: मुलाला आहे त्या वर्गात आणून ठेवायचं आणि त्याने जुळवून घ्यायचं, याला समावेशन म्हणत नाहीत, शिकवण्याची पद्धत, साहित्य, जागा बदलावी लागते. त्या कोपऱ्यात मला तो भेद डोळ्यांसमोर दिसला.

दुसऱ्या शाळेत उतार होता, पण स्वच्छतागृह अरुंद. विशेष खुर्ची नाही. सीव्हीआय हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. मात्र वर्गशिक्षिका एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबल्या, आणि वर्गही थांबला. कुणी त्याचा शब्द पुरा केला नाही. आमचं पान त्यांनी वाचलं आणि विचारलं, "ती नजरेने सांगते, तर मी कुठे उभी राहू म्हणजे मला ते दिसेल?"

घरी आल्यावर मी आणि नवऱ्याने दोन्हीकडच्या उणिवा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवला: ही आपल्याला तिथे नेऊन भरून काढता येईल का? खुर्ची नेता येते. ट्रे, काळं कापड, फळी नेता येते. स्वच्छतागृहाऐवजी एखादी छोटी खोली आणि बाक मागता येतो. थेरपिस्टला महिन्यातून एकदा वर्गात बोलावता येतं. पण दिवसभर कानावर पडणारी मुलांची बोली विशेष शाळेत आम्ही कुठून नेणार होतो? आणि थांबून ऐकायची सवय लागलेला वर्ग? त्या प्रश्नाने निर्णय दुसऱ्या शाळेच्या बाजूने झुकला.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. आकडी आटोक्यात नसती, किंवा नळीने अन्न द्यावं लागत असतं आणि शाळेत परिचारिका नसती, तर याच प्रश्नाचं उत्तर उलट आलं असतं. प्रशिक्षित परिचारिका पिशवीत घालून नेता येत नाही. आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाने त्याच कारणासाठी विशेष शाळा निवडली, आणि त्यांच्या मुलासाठी ते योग्यच आहे.

प्रवेशाआधी मुख्याध्यापकांशी जे ठरलं ते लेखी घेतलं. सुरुवातीला अर्धा दिवस. वाचन आणि बघण्याची कामं पहिल्या दोन तासांत, कारण नंतर तिची नजर दमते. तिची जागा अशी, की खिडकी पाठीमागे आणि समोर मोकळी भिंत. आणि प्रत्येक धड्यात तिच्यासाठी एक उद्दिष्ट, त्याच धड्यातलं. उदाहरणार्थ, वर्ग वनस्पतीचे भाग शिकत होता. बाकीची मुलं आकृती काढून नावं लिहीत होती. तिच्यासमोर काळ्या ट्रेवर खरं पिवळं फूल आणि खरं पान ठेवलं होतं, दोन्हींत भरपूर अंतर. बाईंनी विचारलं, "फूल कुठलं?" ती बघेपर्यंत शेजारच्या मुलीने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

अडचण आली ती मदतनीस ताईंच्या बाबतीत. त्या मायाळू होत्या, आणि म्हणूनच मुलीच्या आधी उत्तर द्यायच्या. हे आम्हाला लक्षात आलं ते दोन खुणांवरून. वर्गातली मुलं "तिला काय हवंय?" असं ताईंना विचारू लागली होती, आणि घरी मुलगी "हो"साठी वर बघणं कमी करत होती. विचारल्यावर उत्तर दुसरंच कुणी देणार असेल तर ती कशाला कष्ट घेईल? विशेष शिक्षिकेने त्यांना शेजारून उठवून थोडं मागे बसवलं. खुर्ची सावरणं, भरवणं, स्वच्छता ही त्यांची कामं. प्रश्न बाईंचा किंवा मुलांचा, आणि उत्तर मुलीचं. प्रश्नानंतर मनात पंधरापर्यंत मोजायचं आणि तोवर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, कारण पुन्हा विचारलं की तिचा मेंदू पहिल्यापासून सुरुवात करतो. काही आठवड्यांत मुलं थेट तिच्यापुढे दोन वस्तू धरून विचारू लागली.

दर सत्राच्या शेवटी आम्ही, बाई आणि थेरपिस्ट एकत्र बसतो. तेव्हा चार गोष्टी बघतो: दिवसभरात तिने स्वतःहून काही सांगितलं का, तिचं वजन टिकलं आहे का, आकडी वाढली का, आणि ती किती वेळ वर्गाच्या कामात असते, किती वेळ कोपऱ्यात. वजन मुद्दाम, कारण घाईत भरवलं तर ते आधी घटतं. पुढे मुलगी मोठी होईल, तेव्हा दोन माणसांनाही तिला उचलता येणार नाही. शाळेत उचलण्याचं यंत्र आलं नाही तर विशेष शाळेचा विचार पुन्हा करावा लागेल. त्या शाळेशी संबंध आम्ही तोडलेला नाही. सुट्टीत तिथल्या थेरपिस्टकडे खुर्चीचं माप नव्याने घ्यायला जातो, आणि मुलीच्या वाढीबरोबर ते दरवेळी बदललेलं असतं.