‘पाठवत आहे’वर अडकलेला मेल: माझा अनुभव

मी मुद्रितशोधनाचं काम करते. छापील पानांवर लाल पेनाने दुरुस्त्या करायच्या, पानं फोनने स्कॅन करायची, त्यांची एक पीडीएफ करायची आणि मुद्रणालयाला मेल करायची, असा नेहमीचा क्रम. या वेळी 32 पानांची पीडीएफ 17.6 एमबीची झाली होती. मेल लिहिला, फाइल जोडली, पाठवायचं बटण दाबलं. मेल आउटबॉक्समध्ये गेला आणि त्याखाली ‘पाठवत आहे’ हे शब्द आले ते तसेच राहिले. तास गेला, फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. त्यामागून पाठवलेले दोन साधे, चार ओळींचे मेलही त्याच्याच मागे रांगेत उभे राहिले.

अशा वेळी ॲप काहीच कारण सांगत नाही, हा खरा त्रास. नेटवर्क नाही, फाइल मोठी आहे, की सर्व्हर नको म्हणतोय? तिन्ही वेळा पडद्यावर तेच दोन शब्द दिसतात. माझी मामेबहीण एका संस्थेत मेल सर्व्हर सांभाळते. तिला फोन केला तर तिने आधी एकच विचारलं, "ताई, त्या ॲपचा डेटा वापर वाढतोय का ते बघितलंस?"

हे मला फार उपयोगाचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपने किती डेटा वापरला ते दिसतं. अँड्रॉइडवर ॲप्सच्या यादीत मेल ॲप उघडून डेटा वापर बघायचा. बऱ्याच फोनवर मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींचे आकडे मिळतात, आयफोनवर फक्त मोबाइल डेटाचा. आकडा लिहून ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा बघायचं. आकडा जागचा हलत नसेल तर पाठवणं सुरूच झालेलं नाही. मग बॅटरी बचत, डेटा बचत, त्या खात्याचं बंद असलेलं सिंक किंवा फोनमधली भरलेली जागा, यांपैकी काहीतरी आड येत असतं. आकडा थोडा वाढून थांबत असेल आणि पुन्हा थोडा वाढत असेल, तर मेल मध्येच तुटतोय. आणि दर वेळी सारखाच मोठा टप्पा पुढे जात असेल, तर मेल पूर्ण वर जातोय, पण सर्व्हर तो घेत नाहीये.

मोबाइल नेटवर्कवर माझा दुसरा प्रकार चालू होता. मेल पाठवताना अर्धी फाइल वर गेली आणि जोडणी तुटली, तर उरलेली अर्धी पुढे पाठवायची सोय मेलच्या नेहमीच्या पद्धतीत नसते. पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात होते. त्यात आपण फोन खिशात ठेवतो, पडदा बंद होतो, फोनची प्रणाली मागे पडलेल्या ॲपला झोपवते आणि जोडणी तुटते. डाउनलोडचा वेग चांगला असला तरी वर चढवायचा वेग बहुतेक ठिकाणी त्याहून बराच कमी असतो. सेकंदाला 1 मेगाबिट मिळत असेल तर 24 एमबी वर जायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. तेवढा वेळ पडदा चालू राहिला पाहिजे.

म्हणून मी वाय-फायवर आले, फोन चार्जरला लावला, पडदा बंद व्हायची वेळ वाढवली आणि ॲप समोर उघडं ठेवलं. आता डेटाचा आकडा नीट चढू लागला, पण मेल काही जाईना. वाय-फायचा वापर आधी 310 एमबी होता, मग 334 झाला, काही वेळाने 358. प्रत्येक टप्पा 24 एमबीचा. माझी फाइल तर 17.6 एमबीची. वरचे साडेसहा एमबी आले कुठून?

बहिणीने याचं उत्तर लगेच दिलं. "फाइल साडेसतराची असली तरी मेल चोवीसचा झालाय." मेलची मूळ पद्धत साध्या मजकुरासाठी बनलेली आहे. चित्र किंवा पीडीएफ तिच्यातून जशीच्या तशी जात नाही. ॲप ती आधी अक्षरांमध्ये बदलतं. या रूपांतराला बेस64 म्हणतात. त्यात फाइलच्या दर 3 बाइटांची 4 अक्षरं होतात, शिवाय ठरावीक अंतरावर ओळ तोडावी लागते. सगळं मिळून आकार साधारण 1.37 पट होतो. 17.6 गुणिले 1.37 म्हणजे 24.1. माझ्या फोनने मोजलेला टप्पा तंतोतंत हाच होता.

माझ्या खात्याच्या मदतपानावर 20 एमबीची मर्यादा लिहिलेली होती. ती फाइलची नाही, तर रूपांतर झालेल्या संपूर्ण मेलची होती. उलटा हिशेब केला तर 20 भागिले 1.37, म्हणजे साडेचौदा एमबीच्या वरची फाइल या खात्यातून जाणारच नाही. ही मर्यादा सगळीकडे सारखी नसते, आणि काही सेवा ती जोडलेल्या फाइलच्या आकारावर सांगतात. त्यामुळे आपल्या खात्याचा नियम एकदा शोधून वाचावा. तो मदतपानावर असा लिहिलेला असेल की मेलची मर्यादा की फाइलची हे कळत नसेल, तर मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहिलं की धोका नाही.

खात्री करायला बहिणीने तेच खातं संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये घालून तीच फाइल पाठवायला सांगितली. तिथे एका क्षणात सर्व्हरचं उत्तर पडद्यावर आलं:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

संगणकावरच्या प्रोग्रॅमने मेल पाठवायच्या आधीच आकार सांगितला आणि सर्व्हरने तिथेच नकार दिला. माझं फोनचं ॲप मात्र आकार न सांगता सगळा मेल वर ढकलत होतं, शेवटी नकार घेत होतं, तो नकार मला दाखवत नव्हतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं. मोबाइल डेटावर असं रात्रभर चाललं तर दिवसाचा डेटा संपून जाईल. ॲप बनवणाऱ्यांनी हा नकार वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता अडकलेला मेल बाहेर काढायचा होता. पाठवणं चालू असताना ॲप तो उघडू देत नव्हतं. त्यासाठी विमान मोड चालू केला. वाय-फायही बंद झालं आहे ना, हे पाहिलं, कारण काही फोनवर विमान मोडमध्ये वाय-फाय चालूच राहतं. मिनिटभरात ‘पाठवत आहे’ जाऊन ‘पाठवता आला नाही’ आलं आणि मेल उघडला. मजकुराची नक्कल टिपणांच्या ॲपमध्ये ठेवली, पीडीएफ फोनच्या फाइल्समध्ये सुरक्षित आहे हे बघितलं आणि मगच आउटबॉक्समधला मेल काढून टाकला. विमान मोड बंद करताच मागे अडकलेले दोन छोटे मेल आपोआप निघून गेले.

इथे एक काळजी फार महत्त्वाची आहे. अशा वेळी ‘ॲपचा डेटा पुसा’ किंवा ‘खातं काढून पुन्हा घाला’ असा सल्ला हमखास मिळतो. आउटबॉक्समधला मेल सहसा फक्त फोनवरच असतो, सर्व्हरवर त्याची प्रत नसते. डेटा पुसला की तो कायमचा गेला. नुसतं कॅशे पुसणं वेगळं, त्याने सहसा मेल जात नाही. पण मजकूर आणि फाइल बाहेर काढून ठेवल्याशिवाय मी तेही करणार नाही.

राहिला प्रश्न फाइल लहान करण्याचा. झिप करून उपयोग नव्हता, कारण स्कॅनमधली चित्रं आधीच आवळलेली असतात आणि झिपने त्यांत फारसा फरक पडत नाही. कृष्णधवल स्कॅन सर्वांत हलका झाला असता, पण माझ्या दुरुस्त्या लाल शाईच्या. करड्या छटेत लाल अनुस्वार आणि छापील अनुस्वार सारखेच दिसतात, मग अक्षरजुळणी करणाऱ्याला दुरुस्ती कुठली ते कळणार कसं? म्हणून रंग ठेवला आणि बारकाई कमी केली. स्कॅन 300 डीपीआयचा होता, तो 200 वर आणला. आकडा दोन तृतीयांश झाला तरी लांबी आणि रुंदी दोन्हींत घट होत असल्याने चित्रबिंदू निम्म्याहून कमी होतात. पीडीएफ 8 एमबीची झाली. पाठवण्याआधी सर्वांत दाट पान मोठं करून पाहिलं. ‘किंवा’मधली वेलांटी आणि तिच्या शेजारचा लाल टिंब वेगवेगळे दिसत होते, जोडाक्षरांवरचे रफारही स्पष्ट होते. 150 वर नेल्यावर टिंब वेलांटीत मिसळला, म्हणून 200 वरच थांबले.

नवा मेल गेला, पण ‘पाठवत आहे’ अपेक्षेपेक्षा जास्त वेळ दिसत राहिलं. डेटाचा आकडा या वेळी 11 ऐवजी 22 एमबीने वाढला. बहिणीने सांगितलं की काही खात्यांत ॲप आधी मेल पाठवतं आणि मग त्याची प्रत ‘पाठवलेले’ या फोल्डरमध्ये ठेवायला तोच मेल पुन्हा वर चढवतं. मुद्रणालयात फोन केला तर तिथले गृहस्थ म्हणाले, "आला हो मॅडम, पहिली पानं लावायलाही घेतली." अडकल्यासारखं दिसलं म्हणून लगेच पुन्हा पाठवला असता, तर त्यांच्याकडे दोन प्रती गेल्या असत्या आणि दुरुस्त्या कुठल्या प्रतीतल्या धरायच्या याचा घोळ झाला असता. पोहोचला का, हे समोरच्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा पाठवू नये, हे मी आता पाळते.

मुखपृष्ठाचं चित्र मात्र 60 एमबीचं होतं आणि त्याची बारकाई कमी करून चालणार नव्हतं. ते क्लाउडवर चढवलं आणि मेलमध्ये फक्त दुवा दिला. तिथे अर्धी पोहोचलेली फाइल तुटली तरी बहुतेक सेवा उरलेल्या भागापासून पुढे सुरू करतात, म्हणून मोठ्या फाइलला हाच मार्ग योग्य. दुवा देताना ‘दुवा असलेल्या कोणालाही’ पाहता येईल अशी परवानगी दिली, आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत, खात्यात न शिरता, तो उघडून पाहिला. चित्र उतरलं, मगच मेल पाठवला. छपाई झाल्यावर ती परवानगी काढून टाकली.