महिनाभर आधी १०४ नोंदण्या: हॉल कोणता घ्यायचा?

पुण्यात आम्ही काही जण मिळून मुक्त सॉफ्टवेअरवर दरवर्षी एक दिवसाची परिषद भरवतो. तीनशे रुपये शुल्क, त्यात पोहे-चहा आणि दुपारचं जेवण. यंदा नोंदणीचा हिशेब माझ्याकडे होता. प्रश्न साधा होता. गेल्या वर्षीचा दोनशे खुर्च्यांचा हॉल पुन्हा घ्यायचा, की त्याच्या जवळजवळ दुप्पट भाड्याचा ३२० खुर्च्यांचा? मोठ्या हॉलवाल्यांना कार्यक्रमाच्या तीस दिवस आधी डिपॉझिट हवं होतं आणि ते परत मिळणार नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे १०४ नोंदण्या होत्या.

आमचे खजिनदार काका म्हणाले, "अहो, तीस दिवसांत १०४ आल्या. उरलेल्या तीस दिवसांत आणखी तेवढ्याच. २०८ धरा आणि जुना हॉल सांगून टाका." नोंदण्या रोज सारख्या येत असत्या तर काकांचं बरोबर होतं. पण त्या तशा कधीच येत नाहीत. नोंदणी उघडल्यावर नेहमीची मंडळी लगेच नाव देतात. मग सवलतीची मुदत संपताना एक उसळी येते, त्यानंतर बरेच दिवस शुकशुकाट आणि शेवटच्या दहा दिवसांत झुंबड. हा आकार दरवर्षी साधारण तसाच राहतो, म्हणून अंदाज बांधायचा तो त्या आकारावरून.

मागच्या तीन वर्षांच्या नोंदण्यांच्या याद्या काढल्या. दिवस मोजायचे ते नोंदणी उघडल्यापासून नव्हे, तर कार्यक्रमापासून मागे. लोक आपलं वेळापत्रक कार्यक्रमाच्या तारखेवरून ठरवतात. आपण नोंदणी कधी उघडली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. शीटमध्ये एकच सूत्र पुरलं. A स्तंभात नोंदणीची वेळ, B मध्ये पैसे भरल्याची स्थिती, D1 मध्ये कार्यक्रमाची तारीख:

```
=COUNTIFS(A:A,"<"&$D$1-29,B:B,"paid")
```

तीस दिवस आधीचा आकडा हवा असताना इथे २९ का, असं वाटेल. तारखेबरोबर वेळही नोंदलेली असते, त्यामुळे `"<="&$D$1-30` लिहिलं तर त्या दिवशी मध्यरात्रीनंतर आलेल्या सगळ्या नोंदण्या गळतात. सवलतीच्या शेवटच्या दिवसाचा आकडा काढताना असं झालं, तर जवळजवळ सगळी उसळीच हातची जाते.

पहिल्या वर्षी तीस दिवस आधी ६३ नोंदण्या होत्या आणि शेवटी २१० झाल्या, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या वर्षी ९२ वरून २६४, म्हणजे साधारण ३५ टक्के. तिसऱ्या वर्षी ११० वरून २५०, म्हणजे ४४ टक्के. तिन्हींतलं ताजं वर्ष तिसरं, त्यामुळे समितीतल्या बहुतेकांचं बोट तिथेच गेलं. १०४ ला ०.४४ ने भागलं की २३६ येतात. त्यातले ऐंशी टक्के हजर राहतात असं धरलं, तर जुना हॉल पुरतो.

पण तिसऱ्या वर्षी २५० वर आम्हीच नोंदणी बंद केली होती, कार्यक्रमाला सहा दिवस असताना. झुंबडीचे नेमके तेच दिवस कापले गेले. दारं उघडी असती तर आकडा कुठे गेला असता हे त्या यादीत नाहीच. त्यामुळे २५० ही त्या वर्षीची मागणी नव्हे, ती हॉलची मर्यादा होती. आणि छोट्या हॉलमुळे कापलेला आकडा वापरून पुन्हा छोटाच हॉल घ्यायचा, हे वर्तुळ कधी तुटणारच नाही. मी ते वर्ष नोंदणीच्या अंदाजातून बाजूला काढलं. हजेरीच्या प्रमाणासाठी मात्र ते चालतं, कारण ज्यांची नावं होती त्यांच्यातले किती आले हे तिथे नीट कळतं.

उरलेल्या दोन वर्षांवरून १०४ चे २९७ ते ३४७ होत होते. हे मला जास्त वाटलं, म्हणून यंदाची यादी नीट पाहिली. त्यात एका दुपारी, एकाच कॉलेजच्या पत्त्यांवरून, ओळीने २२ नोंदण्या आलेल्या. कुणा शिक्षकांनी वर्गाची एकत्र नोंदणी केली होती. मागच्या वर्षांत अशी गटनोंदणी झाली नव्हती. हे २२ जण येतील, पण त्यांच्यामागून त्याच पटीत आणखी लोक येतील असं मानायला काही आधार नाही. म्हणून त्यांना वगळून ८२ ला भागलं आणि २२ नंतर मिळवले, तर २५६ ते २९५.

पडताळा म्हणून दुसरी रीतही वापरली. भागाकाराऐवजी नुसती बेरीज. तीस दिवस आधीपासून शेवटपर्यंत पहिल्या वर्षी १४७ नव्या नोंदण्या आल्या होत्या, दुसऱ्या वर्षी १७२. त्या १०४ मध्ये मिळवल्या तर २५१ ते २७६. हॉटेलं आणि विमान कंपन्या आरक्षणाच्या अंदाजासाठी या दोन्ही रीती वापरतात. सुरुवातीचा आकडा लहान असला की भागाकार उड्या मारतो, कारण चार नोंदण्या इकडेतिकडे झाल्या तरी शेवटचा अंदाज बारा-तेराने हलतो. बेरीज तेवढी हलत नाही, पण एखाद्या वर्षी खरंच उत्साह वाढला असेल तर तो तिच्यात उतरत नाही. दोन्ही जवळ आल्या की मला जरा धीर येतो. अर्थात हाताशी वर्षं दोनच, तेव्हा या पट्ट्याला शास्त्रीय हमी म्हणू नये.

नोंदणी करूनही न येणारे आमच्याकडे वीस-बावीस टक्के असतात. म्हणजे सभागृहात २०० ते २३६ माणसं, शिवाय वक्ते आणि कार्यकर्ते. पट्ट्याच्या खालच्या टोकालाच जुना हॉल काठोकाठ भरत होता. मोठ्या हॉलचं डिपॉझिट भरलं. काकांनी सही केली, पण "खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर फोटो तुम्हीच काढा" असं बजावून.

दरम्यान सवलतीची मुदत आठवडाभर वाढवावी अशी टूम निघाली होती. मी अडून बसलो. ती उसळी दरवर्षी पस्तिसाव्या दिवशी यायची. ती अठ्ठाविसाव्यावर सरकली असती, तर तिसाव्या दिवसाच्या आकड्याची जुन्या वर्षांशी तुलनाच करता आली नसती.

जेवणाचा हिशेब वेगळा. केटररला दहा दिवस आधी किमान ताटांचा आकडा हवा होता. तेवढ्या ताटांचे पैसे नक्की द्यायचे, आणि दोन दिवस आधीपर्यंत दहा टक्के वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. वाढवायची सोय असली की पट्ट्याचं खालचं टोक सांगायचं. दहाव्या दिवशी १७६ नोंदण्या होत्या. जुन्या वर्षांत तोवर ६२ ते ६४ टक्के आलेल्या असत. भागाकारात ते २२ जण पुन्हा वेगळे ठेवले, तर दोन्ही रीतींनी शेवटचा अंदाज २५६ ते २७१, त्यातून हजेरी २०० ते २१७, आणि आम्ही अठरा. म्हणजे २१८ ते २३५ ताटं. मी २२० सांगितली. वाढवून २४२ पर्यंत जाता येत होतं, म्हणजे वरचं टोकही आवाक्यात होतं. दोन दिवस आधी २३० पक्की केली.

शेवटी २६१ नोंदण्या झाल्या, २०७ लोक आले, आमच्यासह २२५ जण जेवले. पोहे मात्र ढीगभर उरले, कारण साडेआठला निम्मी माणसंही पोचली नव्हती. प्रवेशाच्या टेबलावर प्रत्येकाची येण्याची वेळ नोंदली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी न्याहारीचा आकडा जेवणावरून न काढता त्या वेळांवरून काढणार आहे.