नखाएवढ्या फोटोत काय दिसतं

“जॉब पोर्टलच्या प्रोफाइलला हा फोटो ठेवू का? प्रोफेशनल वाटतो ना? घरचे म्हणतात छान आलाय, पण मला मी उगाच कडक दिसतोय असं वाटतं.”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आधी तो फोटो लहान करून बघा. तुम्ही तो पूर्ण स्क्रीनवर, दोन बोटांनी मोठा करून न्याहाळताय. रिक्रूटरला मात्र तो पहिल्यांदा दिसतो उमेदवारांच्या यादीत, नावाशेजारच्या नखाएवढ्या गोलात. फोनच्या गॅलरीत सगळ्यांत बारीक चौकटींचा व्ह्यू लावा, फोन हातभर लांब धरा आणि क्षणभर बघून नजर काढून घ्या. अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि जेनिन विलिस यांनी 2006 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्रयोगांतून दाखवलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणूस ‘विश्वासू वाटतो की नाही’ हे मनाशी ठरवून मोकळा होतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, त्याबद्दलची खात्री तेवढी वाढते. हे मत खरं असतं असं मुळीच नाही. पण ते तयार होतं, आणि तुमचा फोटो तपासायचा तो त्या क्षणापुरता.

नखाएवढ्या आकारात फार थोडं शिल्लक राहतं: चेहरा मागच्या रंगातून उठून येतो की नाही, डोळ्यांच्या जागी डोळे दिसतात की नुसते काळे ठिपके, आणि ओठांची रेघ कुठे वळते. बाकी सगळं, म्हणजे टाय, कानातलं, मागचं पुस्तकांचं कपाट, नंतर येतं. म्हणून चेहरा पुरेसा मोठा हवा. केसांच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचा भाग चौकटीच्या उंचीच्या साधारण 60 टक्के आला की बेताचा बसतो. त्याहून बराच लहान असेल तर यादीत माणूस ओळखू येत नाही, आणि बराच मोठा असेल तर अंगावर आल्यासारखा वाटतो. बऱ्याच ठिकाणी चौकोनी फोटोचे चारही कोपरे कापून गोल करतात. त्यात डोक्यावर थोडी मोकळी जागा आणि खाली दोन्ही खांद्यांची सुरुवात उरायला हवी. खांदे पूर्ण कापले गेले, तर नुसतं डोकं तरंगत राहतं.

आता एक फोटो समोर धरू, अगदी नेहमी येतो तसा. फिकट निळा इस्त्रीचा शर्ट, मागे पांढरी भिंत, छतावरचा दिवा चालू, हात लांब करून काढलेला सेल्फी, चेहऱ्यावर हसू. कागदावर सगळं बरोबर. लहान केला की मात्र तीन गोष्टी बिघडलेल्या दिसतात. फिकट शर्ट पांढऱ्या भिंतीत विरघळतो. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग चमकतो. आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो.

या तिसऱ्या गोष्टीपाशी थोडं थांबू, कारण ‘कडक दिसतोय’ची तक्रार बहुतेकदा इथूनच येते. दिवा डोक्यावर असला की भुवईच्या हाडाची सावली डोळ्यांवर पडते. लहान फोटोत ही सावली आणि भुवई एक होऊन जातात, आणि भुवई खाली ओढल्यासारखी दिसते. खाली ओढलेली भुवई म्हणजे राग, हे आपण लहानपणापासून वाचत आलोय. माणूस अजिबात रागावलेला नसतो, उजेडाने त्याला रागावलेला केलेला असतो. तपासायचं कसं? फोटो मोठा करून दोन्ही बुबुळांत बघा. उजेडाचा बारीक पांढरा ठिपका दिसायला हवा, घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी असला तर उत्तम. ठिपका नसेल, डोळे मिटमिटीत आणि कोरडे दिसत असतील, तर तो फोटो ब्राइटनेस वाढवून सुधारत नाही. सावली उजळते, पण तिच्याबरोबर कपाळावरचा डागही आणखी पांढरा होतो. वरचा दिवा बंद करून खिडकीकडे तिरकं तोंड करून पुन्हा फोटो काढणं, हाच त्यावरचा उपाय. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढायचा.

आता हसू. फोटोतल्या चेहऱ्याचा नाकाखालचा भाग बोटाने झाका आणि फक्त डोळे बघा. ते हसतायत का? फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी 1862 मध्येच लिहून ठेवलंय, की ओठांचे कोपरे उचलणारा स्नायू आपल्या मर्जीने हलतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू मनापासून हसल्यावर हलतो. पुढे असं दिसलं, की काहींना तो ठरवूनही हलवता येतो. तरी फोटो तपासायला ही खूण चांगली आहे. खालची पापणी किंचित वर आलेली आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला बारीक रेषा असतील, तर चेहरा मोकळा वाटतो. ओठ ताणलेले आणि डोळे थंड असतील, तर फोटो काढणाऱ्याने ‘हसा’ म्हटलेलं ऐकू येतं.

ब्यूटी फिल्टरला माझा खरा आक्षेप इथे आहे. फिल्टर त्वचा गुळगुळीत करतो तेव्हा सगळ्यांत आधी डोळ्याकडेच्या याच रेषा पुसतो. म्हणजे मनापासून हसलेल्या माणसाचं हसू तो पुसून टाकतो आणि खाली नुसते ओठ ठेवतो. बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात फिल्टर आपोआप चालू असतो, तो शोधून शून्यावर आणा. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वापरला असेल तर कानाची कड, चष्म्याची काडी आणि सुटे केस मोठे करून बघा. तिथे कापल्यासारखा भाग दिसला की फोटो बनावट वाटू लागतो, मग बघणाऱ्याला कारण सांगता येवो न येवो.

सेल्फीत आणखी एक अडचण आहे, ती अंतराची. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की नाक त्याच्या जास्त जवळ आणि कान लांब राहतात, त्यामुळे नाक फुगतं आणि चेहरा कडेला निमुळता होतो. एका वैद्यकीय नियतकालिकात 2018 मध्ये याचा हिशोब आला होता. त्यानुसार 5 फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. शिवाय हात लांब केला की त्या बाजूचा खांदा वर चढतो. हात चौकटीबाहेर कापला तरी तो खांदा सांगतोच की हा सेल्फी आहे. कॅमेऱ्याची उंचीही लगेच कळते. नाकपुड्या दिसत असतील तर कॅमेरा खाली होता आणि माणूस आपल्याकडे वरून बघतोय असं वाटतं. कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक दिसत असेल तर कॅमेरा वर होता, त्याने माणूस पोरगेलासा दिसतो.

उपाय साधा आहे. मागचा मुख्य कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर ठेवा, टायमर लावा आणि नंतर क्रॉप करा. ‘क्रॉप केल्यावर फोटो फुटेल’ ही भीती इथे अनाठायी आहे. 4000 बाय 3000 पिक्सेलच्या उभ्या फोटोत दीड मीटरवरून साधारण 1.4 मीटर रुंदीचा भाग मावतो. त्यातला डोकं आणि खांद्यांचा 45 सेंटिमीटरचा चौकोन कापला तरी बाजूला 900 हून जास्त पिक्सेल उरतात. लिंक्डइनला 400 बाय 400 पुरतात.

प्रोफेशनल दिसण्याबद्दल मी मुद्दाम कमी बोलतोय, कारण ते चेहऱ्याच्या बाहेर ठरतं आणि सोपं आहे. ज्या कामाची मुलाखत आहे तिला जे घालून जाल ते घाला. कॉलरची दोन्ही टोकं सारखी बसली आहेत ना, बघा. फिकट भिंत असेल तर गडद कपडे, गडद भिंत असेल तर फिकट. भिंतीपासून मीटरभर पुढे उभं राहिलं की मागची सावली जाते. कुणाच्या तरी समारंभातून कापून काढलेला फोटो मात्र नको. खांद्यावर उरलेली दुसऱ्याची बोटं नखाएवढ्या आकारातही ओळखू येतात.

आता घरच्यांच्या ‘छान आलाय’बद्दल. ते खोटं बोलत नाहीत. पण ते तुम्हाला ओळखतात, त्यामुळे फोटोत जे नाही तेही त्यांना दिसतं. तुमचं स्वतःचं मतही कच्चंच. आरशात आपण स्वतःला कायम उलटं बघतो, म्हणून फोटोतला भांग आणि वाकडं हसू आपल्यालाच खटकतं, इतरांना नाही. डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना स्वतःच्याच फोटोंतून प्रोफाइलसाठी निवड करायला लावली, आणि त्याच फोटोंतून अनोळखी लोकांनाही निवडायला सांगितलं. बघणाऱ्यांवर चांगली छाप पडली ती अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंची.

तेव्हा फोटो तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच-सहा जणांना दाखवा. मित्राच्या ऑफिसातले लोक चालतील. ‘कसा आहे?’ विचारू नका, ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर येतं. लहान आकारात दोन सेकंद दाखवा, फोन पालथा ठेवा आणि विचारा: हा माणूस काय काम करत असेल? ऑफिसात पहिल्याच दिवशी काही अडलं तर याला विचाराल का? पहिल्या उत्तरातून प्रोफेशनल दिसण्याचा अंदाज येतो, दुसऱ्यातून जवळचं वाटण्याचा. दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहून ठेवा, कारण त्यांची दुरुस्तीही वेगळी असते. पहिलं चुकत असेल तर कपडे, मागची भिंत, क्रॉप यांकडे बघा. दुसरं चुकत असेल तर उजेड आणि डोळ्यांकडे.

त्या निळ्या शर्टाच्या फोटोकडे परत येऊ. शर्ट तोच ठेवला, भिंत राखाडी निवडली, वरचा दिवा बंद केला, खिडकी डावीकडे घेतली, फोन दीड मीटरवर स्टूलवर रचलेल्या पुस्तकांवर ठेवला आणि समोरच्याशी बोलता बोलता वीस फोटो काढले, तर त्यातले दोन शेवटी उरतात. एकात दात दिसणारं मोठं हसू असतं, पण डोळे जवळपास मिटलेले. दुसऱ्यात हसू ओसरत आलेलं असतं, ओठ मिटलेले पण कोपरे अजून वर, बुबुळांत ठिपका स्पष्ट. मोठ्या स्क्रीनवर पहिला जास्त आनंदी दिसतो. नखाएवढ्या आकारात पहिल्यात डोळ्यांच्या जागी दोन रेघा उरतात, आणि दुसऱ्यातला माणूस तुमच्याकडे बघत असतो. दुसरा ठेवा.